मृत्युपत्रातून अपत्याला वगळताना: कारणे कोणती आणि कशी लिहावीत

आपल्या मुलाला किंवा मुलीला मालमत्तेतून वगळण्याचा निर्णय झालेला असतो, पण तो कागदावर कसा उतरवायचा याबद्दल बहुतेकांच्या मनात दोन चुकीच्या समजुती असतात. पहिली अशी, की वर्तमानपत्रात "यापुढे अमुक मुलाशी माझा संबंध नाही" अशी जाहीर नोटीस दिली की तो बेदखल होतो. दुसरी अशी, की मालमत्ता माझी असल्यामुळे कारण सांगण्याची मला गरजच नाही. पहिली समजूत सपशेल चुकीची आहे, कारण अशा नोटिशीने वारसाहक्क संपत नाही आणि मृत्युपत्र न करता वडील वारले तर नोटीस छापलेला मुलगा इतर भावंडांइतकाच हिस्सा घेतो. दुसरी समजूत कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण व्यवहारात घातक आहे, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

येथील विवेचन हिंदू कुटुंबांना लागू होणाऱ्या कायद्यापुरते आहे. मुस्लिम व्यक्तीला मृत्युपत्राने साधारणपणे एकतृतीयांश मालमत्तेचीच व्यवस्था लावता येते, त्यामुळे तेथे हा प्रश्नच वेगळ्या रीतीने उभा राहतो.

आधी, काय देता येते ते ठरवा

विवेचन नीट समजावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. कोल्हापुरात राहणारे, शाळेत नोकरी करून निवृत्त झालेले 76 वर्षांचे आबा विधुर आहेत. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. राजारामपुरीतील घर त्यांनी पगारातून बांधले, करवीर तालुक्यातील 30 गुंठे जमीन 1988 मध्ये स्वतःच्या पैशाने खरेदी केली, आणि त्याच गावातील 20 गुंठे जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आलेली आहे. आबांना थोरल्या मुलाला काहीही द्यायचे नाही.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 30 प्रमाणे आबांना स्वकष्टार्जित घर आणि खरेदीची जमीन कोणालाही देता येते. 20 गुंठ्यांचे तसे नाही. त्या जमिनीत मुलांना जन्मतः हक्क आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही तो मुलाइतकाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात ते स्पष्ट केले. आज वाटप झाले असे गृहीत धरले तर आबा आणि तीन अपत्ये असे चार समान हिस्से पडतात, म्हणजे प्रत्येकाचे पाच गुंठे. आबांना मृत्युपत्राने फक्त स्वतःच्या पाच गुंठ्यांची व्यवस्था लावता येईल. थोरल्याचे पाच गुंठे कितीही सबळ कारण लिहिले तरी त्याचेच राहतात.

मात्र वडिलांकडून आलेली प्रत्येक जमीन या अर्थाने वडिलोपार्जित असतेच असे नाही. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन 1956 नंतर, मृत्युपत्राशिवाय, वारसाने वडिलांकडे आली असेल तर ती वडिलांच्या हाती त्यांची स्वतंत्र मालमत्ता ठरते आणि नातवाचा त्यात जन्मतः हक्क नसतो. चंदर सेन प्रकरणात (1986) सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. म्हणून जुने सातबारा आणि फेरफार काढून जमीन नेमकी कोणत्या साली, कोणाच्या नावावरून, कोणत्या कारणाने आली हे वकिलाला आधी तपासू द्यावे. मृत्युपत्रात "माझी सर्व मालमत्ता" असे ढोबळ लिहून एकत्र कुटुंबाची जमीनही त्यात ओढली, तर न्यायालयासमोरचे पहिलेच चित्र असे उभे राहते की लिहिणाऱ्याला स्वतःच्या मालमत्तेचीच कल्पना नव्हती.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती वारंवार आढळते. "लग्नात खर्च केला, म्हणून मुलीला हिस्सा नाही" हे वाक्य स्वकष्टार्जित घराबाबत कारण म्हणून चालेल, परंतु एकत्र कुटुंबाच्या जमिनीतील तिचा स्वतःचा हिस्सा त्या वाक्याने कमी होत नाही.

वगळणे म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी देणे

"थोरल्याला काहीही मिळू नये" एवढेच लिहिल्याने तो वगळला जात नाही, हा मुद्दा अनेकांच्या लक्षातून सुटतो. ज्या मालमत्तेची मृत्युपत्रात व्यवस्थाच लावलेली नाही, ती कायद्याने ठरलेल्या वारसांकडे जाते, आणि त्या वारसांत थोरला असतोच. नकार पुरेसा नसतो. मालमत्ता नावानिशी दुसऱ्याला द्यावी लागते. आबांनी घर मुलीला, खरेदीची जमीन धाकट्याला दिली आणि तेवढ्यावर थांबले, तर बँकेतील ठेवी, पेन्शनची थकबाकी आणि पुढे कधी घेतलेली एखादी वस्तू मृत्युपत्राबाहेर राहते आणि तिचा तिसरा हिस्सा थोरला मागू शकतो. यासाठी "वर नमूद न केलेली, आज असलेली अथवा पुढे मिळणारी माझी उर्वरित सर्व मालमत्ता" अशा शब्दांत शेष मालमत्तेचे कलम घालावे.

त्याच बैठकीत बँक, पोस्ट आणि विमा यांतील नामनिर्देशनही तपासावे. नॉमिनी हा सर्वसाधारणपणे पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, तरीही वीस वर्षांपूर्वी थोरल्याचे नाव लावलेले असेल तर पैसे आधी त्याच्या हाती जातील आणि बाकीच्यांना ते परत मागत बसावे लागेल.

आणखी एक मर्यादा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 21 आणि 22 नुसार अल्पवयीन मुलगा, अविवाहित मुलगी अशा अवलंबितांना मृत्युपत्रातून हिस्सा मिळाला नसला तरी मृताच्या मालमत्तेतून निर्वाह मागता येतो. वगळलेले अपत्य अवलंबित असेल तर मृत्युपत्र टिकूनही हा खर्च मालमत्ता घेणाऱ्यांवर पडतो.

न्यायालय काय पाहते

कारणे लिहिण्याची सक्ती कोणत्याही कलमात नाही. 1995 मध्ये रवींद्रनाथ मुखर्जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मृत्युपत्र करण्याचा हेतूच मुळी वारसाचा नेहमीचा क्रम बदलणे हा असतो, त्यामुळे नैसर्गिक वारसांना वगळले एवढ्यावरून संशय घेता येत नाही. केवळ याच निकालावर विसंबणाऱ्याला कारणे निरर्थक वाटतील.

त्याच न्यायालयाने राम पियारी प्रकरणात (1990) मात्र वेगळ्या परिस्थितीत वेगळा निष्कर्ष काढला. तेथे वडिलांनी सर्व मालमत्ता एका मुलीच्या मुलांना दिली आणि दुसऱ्या मुलीला वगळले. समान नात्याच्या वारसांपैकी एकाला कारणाशिवाय बाजूला सारले, आणि लाभ मिळालेल्या बाजूचे मृत्युपत्राच्या कामात लक्ष होते, तर न्यायालय सावध होते. जुलै 2025 च्या गुरदियाल सिंग प्रकरणातही हेच सूत्र पुढे आले. पुतण्याच्या बाजूच्या त्या मृत्युपत्रात पत्नीचा उल्लेखच नव्हता. न्यायालयाने सांगितले की वारसाचा उल्लेख नसणे किंवा कारण न देणे ही बाब सुटी पाहायची नसते, तर भोवतालच्या सर्व परिस्थितीसह पाहायची असते. पाहिल्यावर तेथे न्यायालयाला असे दिसले की तो उल्लेख न करण्यामागे मृत्युपत्रकर्त्यापेक्षा लाभार्थीचाच हात असावा.

दोन्ही प्रकारचे निकाल एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होते. मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते, आणि संशयास्पद परिस्थिती असेल तर तिचे निराकरणही त्यालाच करावे लागते. 1959 च्या वेंकटाचल अय्यंगार प्रकरणापासून हा नियम स्थिर आहे. आजारपण, थरथरती सही, लाभार्थीने वकील गाठणे, साक्षीदार लाभार्थीच्या ओळखीचे असणे अशा बाबी न्यायाधीश एकत्र ठेवून पाहतात. कारण न लिहिता केलेले वगळणे हे या ढिगात पडणारे आणखी एक वजन असते. इतर सर्व बाजू स्वच्छ असतील तर ते एकटे मृत्युपत्र पाडू शकत नाही, पण इतर दोन-तीन कच्च्या बाजूंबरोबर ते आले की पारडे झुकते. कारण कितपत योग्य आहे, वडिलांनी मुलाला माफ करायला हवे होते का, हे न्यायालय सहसा ठरवत बसत नाही. त्याला एवढेच पाहायचे असते की हा निर्णय खरोखर त्या माणसाच्या मनातून आलेला आहे का.

कारणाचे कलम

यातून कारण लिहिण्याची पद्धतही ठरते. आबांच्या रागाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा असा असू शकेल: "माझा थोरला मुलगा नालायक व व्यसनी असून त्याने मला आयुष्यात एक पैसाही दिलेला नाही आणि गेल्या दहा वर्षांत तोंडही दाखवलेले नाही."

या वाक्याचे दिवाणी न्यायालयात काय होते ते पाहा. थोरला वाटपाचा दावा लावतो. त्याचा वकील 2023 मध्ये औषधांसाठी आबांच्या खात्यात पाठवलेल्या 15,000 रुपयांचा बँक उतारा आणि 2022 मधील भाचीच्या लग्नातील, आबांशेजारी उभा असलेल्या थोरल्याचा फोटो दाखल करतो. "एक पैसाही" आणि "दहा वर्षांत" हे दोन्ही शब्द तेथेच खोटे पडतात. त्यानंतरचा युक्तिवाद ठरलेला असतो: आबांना हे दोन्ही ठाऊक होते, तरी असे लिहिले गेले, म्हणजे एक तर त्यांची स्मृती शाबूत नव्हती किंवा मजकूर दुसऱ्याने सांगून लिहवून घेतला. ज्या कलमाने मृत्युपत्र बळकट व्हायला हवे होते, तेच हल्ल्याचे साधन बनते. म्हणून माझे मत असे आहे की चुकीचे किंवा फुगवलेले कारण लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिणे कमी धोक्याचे आहे.

वास्तविक आबांकडे भक्कम कारण आहे. शिरोली औद्योगिक वसाहतीत थोरल्याने 2012 मध्ये वर्कशॉप सुरू केले तेव्हा आबांनी घर तारण ठेवून 12 लाखांचे कर्ज घेतले, 2014 मध्ये स्वतःच्या बचतीतून आणखी 4 लाख धनादेशाने दिले, आणि कर्ज 2019 पर्यंत निवृत्तिवेतनातून स्वतः फेडले. थोरल्याला त्याच्या वाटणीचे आधीच मिळाले आहे, हे कारण रागापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे, कारण ते कागदावर दाखवता येते आणि आबांचा विचार समतोल होता हेही त्यातूनच दिसते. सुधारलेले कलम असे लिहिता येईल:

"मला दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये आहेत (येथे तिघांची पूर्ण नावे). माझा थोरला मुलगा (नाव) यास त्याच्या व्यवसायासाठी मी सन 2012 मध्ये माझे घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जातून 12,00,000 रुपये व सन 2014 मध्ये धनादेशाने 4,00,000 रुपये दिले असून सदर कर्ज मी स्वतः सन 2019 मध्ये पूर्ण फेडले आहे. ही रक्कम त्याने परत केलेली नाही व मी ती मागितलेलीही नाही. सन 2020 पासून तो इचलकरंजी येथे स्वतंत्र राहतो. त्याने मध्यंतरी मला काही प्रसंगी मदत केली आहे व आमची भेटही झालेली आहे, हे मला ठाऊक आहे. तथापि माझ्या रोजच्या देखभालीचा भार माझ्या मुलीने व धाकट्या मुलाने उचलला आहे. या सर्व गोष्टींचा विचार करून, थोरल्या मुलास माझ्या मालमत्तेतून काहीही न देण्याचा निर्णय मी स्वतः, कोणाच्याही सांगण्याशिवाय घेतला आहे."

या कलमात तिन्ही अपत्यांची नावे आधी आली आहेत, त्यामुळे आबा कोणाला विसरले असा दावा राहत नाही. थोरल्याच्या बाजूची गोष्ट, म्हणजे त्याने केलेली मदत आणि झालेली भेट, आबांनी स्वतःच मान्य केली आहे, म्हणून बँक उतारा आणि लग्नातला फोटो पुढे आले तरी त्यांतून काही नवे सिद्ध होत नाही. आणि एकही विशेषण नाही. व्यसन, चारित्र्य, सुनेविषयीचा राग यांपैकी काही सिद्ध करता येण्यासारखे नसेल तर ते लिहू नये. त्याची सिद्धता आबा गेल्यावर मुलीला आणि धाकट्याला करावी लागेल आणि तोपर्यंत साक्षीदारही हयात नसतील.

कलमाला आधार देणारे कागद एका पाकिटात वेगळे ठेवावेत: कर्जाचे मंजुरीपत्र, फेडीचा दाखला, धनादेशाची नोंद असलेला खाते उतारा, आणि वाद पोलिसांपर्यंत गेला असेल तर अदखलपात्र नोंदीची प्रत. हे कागद मृत्युपत्राला जोडू नयेत, कारण जोडलेल्या प्रत्येक कागदावर वेगळा वाद उभा राहू शकतो. कोणते कागद कोठे आहेत एवढे व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीला माहीत असावे.

सहीचा दिवस

कारण कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी सहीच्या दिवशी मुलगी किंवा धाकटा पुढे-पुढे करताना दिसला तर त्याचा उपयोग उरत नाही. वकिलाकडे आबांनी एकट्याने किंवा एखाद्या मित्रासोबत जावे, फी त्यांच्याच खात्यातून जावी, आणि मसुद्यातील बदल त्यांच्या हस्ताक्षरात समासात असतील तर तो जुना मसुदाही जपून ठेवावा. आबा स्वतः विचार करत होते याचा तो चांगला पुरावा असतो.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार किमान दोन साक्षीदार लागतात, आणि प्रत्येकाने आबांना सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही माझी आहे असे आबांकडून प्रत्यक्ष ऐकलेले असावे, आणि त्यानंतर आबांच्या समोर स्वतः सही केलेली असावी. पुढे किमान एका हयात साक्षीदाराला न्यायालयात हे सांगावे लागते, म्हणून साक्षीदार आबांच्या वयाचे नकोत. पन्नाशीच्या आतले, कोल्हापुरातच राहणारे, आणि लाभार्थीशी नाते किंवा व्यवहार नसलेले असावेत. नेहमी तपासणारे डॉक्टर साक्षीदार व्हायला तयार असतील तर उत्तम. त्यांनी त्याच दिवशीचा, आबांशी बोलून व त्यांना तपासून दिलेला मानसिक स्थितीचा दाखला घ्यावा. आठवडाभर आधीच्या तारखेचा, ठरावीक मजकुराचा दाखला फारसा कामाचा नसतो.

नोंदणी सक्तीची नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही, पण वगळण्याचे मृत्युपत्र असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावेच. आबांना चालणे शक्य नसेल तर विशेष कारण दाखवून निबंधकाला घरी बोलावता येते. मात्र नोंदणीमुळे साक्षीदार आणण्याची गरज संपत नाही. चित्रीकरण करायचे असेल तर वाचून दाखवलेला मजकूर नको. आबांनी आपल्या शब्दांत कोणाला काय दिले आणि थोरल्याला का नाही हे सांगावे, आणि ते लिखित कलमाशी जुळावे.

नंतर

कोल्हापुरातील मालमत्तेसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेण्याची सक्ती नाही, त्यामुळे आबांच्या पश्चात मुलगी आणि धाकटा प्रथम नगर भूमापन कार्यालयात व गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे फेरफारासाठी अर्ज करतील. थोरल्याने हरकत घेतली की ती नोंद वादग्रस्त ठरते. महसूल अधिकाऱ्याचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी त्याने मालकी ठरत नाही. मृत्युपत्राचा खरा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. पुढील अपिलांसाठी ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

मृत्युपत्र नोंदवल्यावर परिस्थिती बदलली तर कारणाचे कलमही बदलावे लागते. थोरल्याने 16 लाखांपैकी काही रक्कम परत केली, किंवा तो आबांना उपचारांसाठी स्वतःकडे घेऊन गेला, तर "परत केलेली नाही" हे वाक्य आबांच्या मृत्यूच्या दिवशी खोटे असेल, आणि सही केली तेव्हा ते खरे होते हे सिद्ध करण्याचे काम इतरांवर पडेल. निर्णय कायम ठेवायचा असेल तर पुरवणी मृत्युपत्र करून नवी वस्तुस्थिती नोंदवावी आणि तरीही निर्णय तोच आहे असे लिहावे. पुरवणीलाही तितकेच साक्षीदार व तीच पद्धत लागते. निर्णयच बदलायचा असेल तर पुरवण्या जोडत न बसता नवे मृत्युपत्र करावे, त्यात आधीचे सर्व रद्द केल्याचे नोंदणी क्रमांक व तारखेसह लिहावे. नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकते, हे लक्षात ठेवून नवेही नोंदवूनच घ्यावे, म्हणजे कपाटातून निघालेला एखादा उशिराच्या तारखेचा कागद कोणी पुढे केला तर त्याच्याशी ताडून पाहायला अधिकृत नोंद उपलब्ध राहील.